बेराच्या कागदानंतरचे महिने

बेरा तपासणीचा कागद हातात पडला की आईवडिलांना बहुधा दोन गोष्टी एकाच बैठकीत ऐकायला मिळतात. पहिली, मुलाला ऐकू येत नाही. दुसरी, 'आता घरात खुणा अजिबात करायच्या नाहीत, नाहीतर ते कधीच बोलणार नाही.' पहिली गोष्ट यंत्राने मोजलेली असते. दुसरी कुणी मोजलेली नसते, पण सांगणारा दोन्ही सारख्याच खात्रीने सांगतो आणि ऐकणाऱ्याला त्या क्षणी दोन्हींमध्ये फरक करता येत नाही. पुढची दोन-तीन वर्षं घर कसं चालणार, हे मात्र बरंचसं दुसऱ्या वाक्यावर ठरतं. म्हणून त्या वाक्यामागे पुरावा किती आहे, हे आधी पाहायला हवं.

हा प्रश्न सगळ्याच बहिऱ्या मुलांपुढे सारखा तीव्र नसतो. चाळीस-पन्नास डेसिबलचा दोष असलेल्या मुलाला वेळेवर, नीट बसवलेली श्रवणयंत्रं मिळाली तर ते बहुधा घरातली भाषा बोलतच मोठं होतं. खरा पेच नव्वद डेसिबलच्या आसपासच्या किंवा त्यापलीकडच्या दोषाचा. अशा मुलाला फटाका कळतो, दार आपटलेलं कळतं, पण 'पाणी' आणि 'नाणी' यांतला फरक साध्या श्रवणयंत्रातूनही पोचत नाही. त्यात बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. बहुतेक पालकांनी तोवर एकाही बहिऱ्या मोठ्या माणसाशी गप्पा मारलेल्या नसतात, आणि निर्णय मात्र त्यांनाच घ्यायचा असतो.

'खुणा नकोत' या सल्ल्याला जुना इतिहास आहे. १८८० साली इटलीत मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून तोंडी भाषाच शिकवावी, असा ठराव तिने केला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर पाचेक वर्षांनी मुंबईत बहिऱ्यांची देशातली पहिली शाळा निघाली. पुढे शतकभर आपल्याकडच्या बहुतेक शाळांचं धोरण तोंडी पद्धतीचंच राहिलं. वर्गात ओठ वाचायचे आणि वसतिगृहात खुणांनी बोलायचं, अशी दुहेरी शाळा मुलं चालवत राहिली. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने २०१० साली व्हँकुव्हरमध्ये उघड खेद व्यक्त केला. सल्ला मात्र अनेक दवाखान्यांत अजून जुनाच मिळतो. तो देणारे ऑडिओलॉजिस्ट वाईट हेतूने देत नाहीत. डोळ्यांना सोपी वाट मिळाली की मूल कानाची कठीण वाट सोडून देईल, ही भीती वरवर पटणारी आहे.

या भीतीच्या आड एक मोठी भीती झाकली जाते. ती अशी, की मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत त्याच्याकडे कुठलीच भाषा नसेल. कॅनडात रेचल मेबेरी आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी ज्यांना कुठलीही एक भाषा पूर्ण मिळाली होती, मग ती बोलीभाषा असो वा खुणांची, त्यांना नंतर दुसरी भाषा चांगली शिकता आली. ज्यांना कोवळ्या वयात कुठलीच भाषा धड मिळाली नव्हती, ते नंतर शिकलेल्या भाषेत कायम अडखळत राहिले. पहिली भाषा कानातून आली की डोळ्यांतून, याने फारसा फरक पडला नाही. ती कधी आली, याने पडला. माझ्या मते पालकांनी तोलायची मुख्य गोष्ट हीच आहे. कान की हात, हा प्रश्न दुय्यम. आपलं मूल भाषेविना किती महिने काढणार, हा पहिला.

आता कानाची वाट पाहू. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू येणारा नवा कान नव्हे. कानामागे लावलेला प्रोसेसर आवाज पकडून त्याचे विजेचे संकेत करतो, ते त्वचेतून आत जातात आणि आतल्या कानातल्या शंखात सरकवलेल्या बारीक तारेवरचे डझन-दोन डझन इलेक्ट्रोड श्रवणाच्या नसेला थेट चेतवतात. निरोगी शंखात हजारो केशपेशी जे काम करतात, ते इथे एवढ्याशा बिंदूंवर चालतं. तरीही लवकर बसवलेल्या इम्प्लांटवर असंख्य मुलं उत्तम बोलतात, फोनवरही बोलतात. 'लवकर' किती, यावर अमेरिकेतल्या अनु शर्मा यांचं काम प्रसिद्ध आहे. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद काही महिन्यांतच वयाशी जुळतो आणि सातनंतर झालेल्यांत तो बहुधा जुळत नाही, असं त्यांना आढळलं. केंद्र सरकारच्या मोफत इम्प्लांटच्या योजनेत जन्मापासून बहिऱ्या मुलांसाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची धरली जाते. पालक त्या मर्यादेकडे बघून निर्धास्त होतात. मेंदूची मर्यादा त्याआधीच संपत आलेली असते.

शस्त्रक्रियेआधी एमआरआयमध्ये काय दिसलं, हे पालकांनी आवर्जून विचारावं. काही मुलांत श्रवणाची नस फारच बारीक असते किंवा नसतेच. तिथे इम्प्लांटवर सगळी भिस्त ठेवणं म्हणजे मुलाची वर्षं घालवणं आहे. काहींची आतल्या कानाची ओएई तपासणी ठीक येते आणि बेरा बिघडलेला. आवाज आत शिरतो, पण नसेतून विस्कळीत जातो. जन्मल्यावर तीव्र कावीळ झालेल्या बाळांत हे दिसतं आणि अशा मुलांत इम्प्लांटचा परिणाम आधी सांगणं अवघड असतं. मेंदुज्वराने ऐकू जाणं बंद झालेल्या मुलाच्या बाबतीत मात्र घाई असते. तिथे शंखात हाड भरत जातं आणि तार सरकवायला जागाच उरत नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया काही आठवड्यांतच ठरवावी लागते.

आणि मग रोजचं जगणं. प्रोसेसर झोपेपर्यंतचा सगळा वेळ अंगावर हवा. दिवसाला तीन-चार तास घातलेल्या इम्प्लांटवर भाषा उभी राहत नाही. किती तास घातला, हे प्रोसेसर स्वतःच नोंदवून ठेवतो आणि तो मुलाला जुळवून घेताना, म्हणजे मॅपिंगच्या वेळी, ऑडिओलॉजिस्टला संगणकावर ते दिसतं. तो आकडा पालकांनी मागून घ्यावा. पावसाळ्यात घाम आणि दमट हवेने प्रोसेसर बिघडतो, रात्री सुकवणीच्या डबीत ठेवावा लागतो, केबल तुटते, वॉरंटी संपते. पहिलं यंत्र योजनेतून मोफत मिळालं, तरी काही वर्षांनी प्रोसेसर बदलायची वेळ येते आणि तो खर्च काही लाखांत जातो. तो कोण करणार, हे शस्त्रक्रियेआधी विचारायचं असतं. बहुतेक कुटुंबं नंतर विचारतात.

इम्प्लांट नीट चालतो का, हे घरीच रोज मिनिटभरात कळतं. मुलाच्या मागे उभं राहून, ओठ दिसणार नाहीत असे सहा आवाज काढायचे: म, ऊ, आ, ई, श, स. डॅनियल लिंग या शिक्षकाने ठरवलेले हे सहा आवाज बोलण्यातल्या खोल सुरापासून तीक्ष्ण सुरापर्यंतचा पट्टा व्यापतात. मूल प्रत्येक आवाजाला ठोकळा टाकतं किंवा वळून बघतं. 'स' आणि 'श' कालपर्यंत येत होते आणि आज येत नाहीत, तर मॅप किंवा यंत्र बिघडलंय. इथे आजी-आजोबांची एक हमखास फसगत होते. 'अहो, तिला ऐकू येतं, मी चल म्हटलं की येते.' हातात पिशवी, पायात चपला आणि दाराकडे नजर असताना 'चल' ऐकू यायची गरजच नसते. पाठीमागून, कुठलीही हालचाल न करता, 'बॉल कुठाय?' विचारून बघावं.

मराठीची स्वतःची एक अडचण इथे जोडून येते. आपला बराचसा अर्थ शब्दाच्या शेपटीला असतो: घरात, घराला, घरातून, गेला, गेली, गेले. या शेपट्या बोलण्यात हलक्या आवाजात आणि घाईने उच्चारल्या जातात. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला 'घर' ऐकू येतं, पुढचं गळतं. बहिऱ्या मुलांच्या लिखाणात प्रत्यय सुटतात, त्यामागे हे एक साधं कारण आहे. इम्प्लांटवर छान बोलणाऱ्या मुलाच्याही वाक्यांत ही गळती उरली आहे का, ते तपासावं. नुसते शब्द मोजून ती दिसत नाही.

हाताची वाट कमी खर्चाची, पण अधिक मेहनतीची. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठी शब्दांसाठी एकेक खूण नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, नकार क्रियेनंतर येतो, आणि भुवया, डोकं, हवेतली जागा हे सगळं व्याकरणाचंच काम करतं. बहिऱ्या आईबापांच्या घरातली बहिरी मुलं ती सहज, बोलणाऱ्या मुलांच्याच वेळापत्रकाने शिकतात. पण आईवडिलांनाच ती येत नसेल तर? हा आक्षेप खरा आहे आणि खुणांच्या कट्टर समर्थकांना तो आवडत नाही. त्यावर उपयोगी माहिती २०२१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासातून मिळते. नओमी केसेली आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ऐकू येणाऱ्या पालकांच्या ज्या बहिऱ्या मुलांना सहा महिन्यांच्या आत खुणांची भाषा मिळू लागली, त्यांचा शब्दसाठा वयाला साजेसा वाढला. त्या पालकांपैकी बहुतेक जण ती भाषा नव्यानेच शिकत होते. पालकांचं व्याकरण चुकतं, हे पहिल्या वर्षी चालून जातं. मूल चार वर्षांचं झालं तरी घराकडे 'दूध, झोप, ये, नको' एवढ्याच खुणा असतील, तर मात्र ती भाषा नव्हे. तीस-चाळीस खुणांवर थांबलेल्या घराने 'आम्ही दोन्ही करतो' असं म्हणू नये.

'दोन्ही'विषयी संशोधन काय म्हणतं? इथे दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अभ्यास पुढे करतात. २०१७ साली ॲन गीर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इम्प्लांट झालेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खुणा अजिबात न वापरलेल्या मुलांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मुलांची बोलीभाषा प्राथमिक शाळेच्या अखेरीस वयाला साजेशी होती. तीन वर्षं किंवा अधिक काळ खुणा वापरलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आकडा दचकवणारा आहे. पण त्या घरांत खुणांची भाषा कशी आणि किती सफाईची होती, हे त्यात मोजलेलं नाही. शिवाय कारण कोणतं आणि परिणाम कोणता, तेही सांगता येत नाही. ज्यांचं बोलणं लवकर फुटलं त्या घरांनी खुणा सोडल्या आणि ज्यांचं रखडलं त्यांनी चालू ठेवल्या, तरी आकडे असेच दिसतील. याच्या उलट कॅथरिन डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली बहिऱ्या आईबापांची, जन्मापासून खुणांची भाषा येणारी आणि इम्प्लांट झालेली मुलं तपासली. त्यांचं इंग्रजी अशाच घरांतल्या ऐकू येणाऱ्या मुलांच्या तोडीचं निघालं. पण ती मुलं होती अवघी पाच. २०१६ साली एलिझाबेथ फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खुणा जोडल्याने बोलण्याचा फायदा होतो की तोटा, हे सांगण्याइतका पुरावाच नाही, असा निष्कर्ष निघाला.

म्हणजे 'खुणांमुळे बोलणं थांबतं' हे सिद्ध झालेलं नाही, आणि 'खुणांमुळे बोलणं सुधारतं' हेही नाही. मग तोलायचं काय, तर दोन्हीकडून चुकलो तर काय गमावतो. खुणा दिल्या आणि इम्प्लांट यशस्वी झाला, तर घराचे काही तास जास्त गेले. खुणा दिल्या नाहीत आणि इम्प्लांट फसला, तर मुलाची तीन-चार वर्षं भाषेविना गेली, आणि ती परत मिळत नाहीत. हे दोन तोटे सारख्या वजनाचे नाहीत. एरवी 'तुमच्या घराचं तुम्हीच ठरवा' असं म्हणणं योग्यच, पण या एका मुद्द्यावर मी तटस्थ राहू शकत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगोल्याजवळच्या एका घरात चौदा महिन्यांच्या मुलीच्या बेरामध्ये दोन्ही कानांना नव्वद डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही. आई घरी, वडिलांचं दुकान, आजी आणि सहा वर्षांचा भाऊ. पंधरवड्यात दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लागतात. त्यांची चाचणी, एमआरआय, लसीकरण, योजनेचे कागद आणि शस्त्रक्रियेची तारीख यांत आठ महिने सहज जातात. खुणा वर्ज्य असतील तर मुलगी बावीस महिन्यांची होईपर्यंत रिकामी राहते. म्हणून पहिल्या आठवड्यातच आई आणि भाऊ खुणा शिकायला बसतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा चित्रफितींचा शब्दकोश २०२१ साली दहा हजार शब्दांपर्यंत गेला, तो मोबाइलवर फुकट बघता येतो. शब्दकोशाने भाषा येत नाही, म्हणून सोलापुरातली एखादी बहिरी शिकवणारी व्यक्ती शोधून आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल. सगळ्यात अवघड गोष्ट खुणा पाठ करणं नाही, मुलीची नजर सांभाळणं आहे. ऐकणारं मूल मांजर बघता बघता 'माऊ' ऐकतं. बहिऱ्या मुलीला मांजर बघून झाल्यावर आईकडे बघावं लागतं, तेवढा वेळ आईने थांबायचं, किंवा खूण मांजराजवळच, तिच्या नजरेच्या टप्प्यात करायची.

आई एक वही ठेवते. प्रत्येक शब्दापुढे चार रकाने: फक्त ऐकून कळतो, खुणेने कळतो, स्वतः बोलते, स्वतः खूण करते. बाविसाव्या महिन्यात खुणांच्या रकान्यांत साठ-सत्तर शब्द आहेत, 'बाबा गेला'सारखी दोन खुणांची जोडी आहे, ऐकण्याच्या रकान्यात जवळजवळ काही नाही. आता इम्प्लांट होतो आणि साधारण महिन्याभराने सुरू होतो. तिथून तिचं ऐकण्याचं वय शून्यापासून मोजायचं. बोलणं आणि खुणा एकाच दमात मिसळू नयेत. दोन्ही एकत्र केलं की ऐकणारा माणूस नकळत खुणा गाळतो आणि मुलीपर्यंत दोन्ही अर्धवट पोचतात. दिवसाचे ठरलेले वेळ फक्त ऐकण्याचे: शांत खोली, पंखा बंद, टीव्ही बंद, आधी आवाज, मग गरज पडली तर खूण. बाकी दिवसभर गोष्टी, भांडणं, आठवणी खुणांनी.

सहा महिन्यांनी सहाही आवाजांना ती वळते का? वर्षाने ऐकण्याच्या रकान्यात खुणेच्या रकान्यातले शब्द उतरू लागलेत का? उतरत असतील तर बोलणं हळूहळू पुढे येतं आणि खुणा किती ठेवायच्या, हे घर नंतर निवांत ठरवू शकतं. उतरत नसतील तर क्रमाने बघायचं: घातलेले तास, मॅप, यंत्र, थेरपी, आणि मग नस. हे सगळं होईपर्यंत मुलगी तीन वर्षांची असेल. पण तिच्याकडे तोवर 'काल मामा आला, उद्या बाजार' असं सांगायची भाषा असेल. चार रकान्यांची एकत्र बेरीज, एक शब्द एकदाच मोजून, दर सहा महिन्यांत किमान ऐकणाऱ्या मुलाच्या सहा महिन्यांच्या वाढीइतकी वाढायला हवी. ती वाढत नसेल तर निवडलेली पद्धत बदलायची, मग थेरपिस्ट काहीही म्हणो. 'थोडं थांबा, एकदम बोलायला लागेल' हे वाक्य दोनदा ऐकलं की दुसरं मत घ्यावं.

शाळेचा प्रश्न यापासून वेगळा करता येत नाही. साध्या शाळेत चाळीस-पन्नास मुलांच्या गोंगाटात इम्प्लांटवालं मूल समोरासमोर ऐकतं त्यापेक्षा खूपच कमी ऐकतं. विशेष शाळेत खुणा मिळतात, पण अनेक शिक्षकांची खुणांची भाषा अजून तोकडी आहे. भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्याचे आणि दुभाष्याचे अभ्यासक्रम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चालतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मुलाला सर्वांत योग्य भाषेत आणि माध्यमात शिकवण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. डिसेंबर २०२४मध्ये पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी या भाषेसाठी सुरू झाली. तालुक्याच्या शाळेत दुभाष्या आहे का, हे मात्र मुख्याध्यापकांनाच विचारावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असतं. इम्प्लांट हवा, थेरपी हवी, पण तालुक्यात थेरपिस्ट नाही. खुणा हव्यात, पण गावात शिकवणारं कुणी नाही. अशा घरांसाठी कागदावरच्या कान, हात आणि दोन्ही या तीन पर्यायांतला एकही पूर्ण उपलब्ध नसतो आणि बाप आठवड्यातून एकदा एसटीने पुण्याला जाऊन-येऊन त्यातला एक पर्याय उभा करत असतो.

निर्णयाआधी बहिऱ्या मोठ्या माणसांना भेटावं, आणि एकाच प्रकारच्या नव्हे. इम्प्लांटवर बोलणारी एखादी विशीतली मुलगी आणि खुणांनी संसार, नोकरी करणारं एखादं जोडपं. जिल्ह्याच्या ठिकाणी बहिऱ्यांच्या संघटना असतात, त्यांच्या खेळांच्या स्पर्धा होतात, तिथे जाता येतं. बँकेत काय करता, डॉक्टरकडे कोण बोलतं, लग्न कसं जमलं, शाळेत कशाचा त्रास झाला, लहानपणी आईवडिलांनी काय केलं असतं तर बरं झालं असतं, हे त्यांनाच विचारावं. दवाखान्यातल्या बैठकीत हे प्रश्न निघत नाहीत, कारण तिथे उत्तर देणारं कुणी बसलेलं नसतं.